व्हिडिओ पाहते मुलगी, ठरवतं घर

ब्रायडल मेकअप करणाऱ्या एखाद्या आर्टिस्टच्या इन्स्टाग्रामवर जा आणि तिच्या दोन रील्सखालच्या कमेंट सावकाश वाचा. पहिल्या रीलमध्ये नवरी हात फिरवते आणि गाण्याच्या ठेक्यावर साध्या कुर्त्यातून थेट शालूत जाते. व्ह्यूज लाखाच्या घरात. खाली कमेंट अशा: ‘ताई, फाउंडेशन कोणतं?’, ‘आयशॅडोची शेड सांगा ना’, ‘क्लास घेता का?’ दुसऱ्या रीलमध्ये काहीच घडत नाही. होमासमोरून उठलेली नवरी कॅमेऱ्याकडे पाहते आणि आर्टिस्ट सांगते, की मेकअप सकाळी आठला केला होता, आता दुपारचे दोन वाजलेत. व्ह्यूज जेमतेम दोन हजार. पण खाली कोणीतरी विचारलेलं असतं, ‘ताई, ४ डिसेंबर मोकळी आहे का? लग्न मिरजेला आहे.’

पहिल्या रीलने प्रेक्षक आणले, दुसरीने गिऱ्हाईक. एकटीने काम करणाऱ्या मेकअप आर्टिस्टने व्हिडिओंचं नियोजन करताना हा फरक आधी ओळखायला हवा, कारण पहिल्या प्रकारच्या रीलवर खूश होणारे बहुतेक जण एकतर स्वतः मेकअप शिकणारे असतात किंवा दुसऱ्या राज्यात राहणारे. सांगलीत काम करणाऱ्या आर्टिस्टला लुधियानातून आलेल्या पन्नास हजार व्ह्यूजचा काडीचा उपयोग नाही. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या, त्याच वर्षी यूट्यूब शॉर्ट्सही आले. तेव्हापासून छोट्या व्हिडिओचं यश व्ह्यूजवर मोजायची सवय लागली आहे. लग्नाच्या कामात मोजायचा तो तारखेसकट आलेला मेसेज.

पाच शंका

तारीख विचारणारी मुलगी रील पाहून लगेच आगाऊ रक्कम पाठवत नाही. ती रील ती आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, आई मावशीला दाखवते, बहीण खालच्या कमेंट वाचते. मेकअपचे पैसे अनेकदा वडील किंवा भाऊ देतात. मुलीला लुक आवडलेला असतोच. घराच्या शंका वेगळ्या असतात आणि त्या घराघरांत जवळपास सारख्याच निघतात. आपली मुलगी आपलीच दिसेल ना, की पांढरीफटक करून टाकतील? उन्हात, धुरात, रडण्यात हे टिकेल का? मुहूर्त चुकणार नाही ना? साडी नेसवणं, केस, गजरा, करवलीचा मेकअप यांतलं पैशांत काय येतं? आणि शेवटी, किती पैसे?

या पाच शंका वहीच्या पहिल्या पानावर लिहायच्या आणि प्रत्येक रील त्यांतल्या एकाच शंकेला उत्तर देईल असं ठरवायचं. एका रीलमध्ये दोन उत्तरं कोंबली, की दोन्ही निसटतात. कोणत्याही शंकेत न बसणारी रील सुंदर असली तरी ती हौशीच्या खात्यात धरायची. हौस करायला हरकत नाही, मात्र लग्नाच्या धावपळीतला वेळ तिच्यावर घालवायचा नाही.

चित्रीकरण लग्नाच्या सकाळीच

अडचण अशी, की या शंकांची खरी उत्तरं लग्नाच्या दिवशीच चित्रित करता येतात आणि त्या दिवशी आर्टिस्टला श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून काय टिपायचं ते आदल्या रात्री ठरलेलं हवं आणि प्रत्येक तुकडा दहा सेकंदांच्या आत उरकता यायला हवा.

समजा, सांगलीतली एक आर्टिस्ट आहे, मदतीला एक मुलगी. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. गौरीहर पूजनाला नवरी पिवळ्या अष्टपुत्रीत बसणार, नंतरच्या विधींना शालू. म्हणजे साडी बदलली तरी चालून जाईल असा एकच मेकअप, आणि नवरी साडेसहाला खुर्चीत.

पहिला तुकडा खुर्चीत बसल्या बसल्या, बेस लावण्याआधी घ्यायचा. खिडकीपाशी, खोलीतले दिवे बंद करून, मोबाइल स्टँडवर नवरीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून आठ सेकंद. स्टँडचे पाय होते तिथे जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करायच्या. तयार झाल्यावरचा तुकडाही याच जागी आणि याच अंतरावरून घ्यायचा असतो. आधीचा चेहरा पिवळ्या बल्बखाली आणि नंतरचा रिंग लाइटसमोर दाखवला, तर फरक मेकअपमुळे पडला की उजेडामुळे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. मात्र त्याला संशय नक्की येतो. खिडकी थेट उन्हाची नसावी, नाहीतर दहा वाजेपर्यंत उजेड कडक होऊन तुलना बिघडते. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून धरलं, की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे पक्के होतात, मग मध्येच चित्र उजळ-काळं होत नाही. फोनचं ब्यूटी मोड मात्र स्वतः जाऊन बंद करावं लागतं. काही फोनवर ते आधीपासून चालू असतं. त्यात कातडीवरची छिद्रं पुसली जातात आणि त्याबरोबर पहिल्या शंकेचं उत्तरही पुसलं जातं.

दुसरा तुकडा जबड्याच्या रेषेचा. आदल्या दिवशीच्या हळदीचा पिवळेपणा दुसऱ्या सकाळी गळ्यावर, कानामागे, हातांवर उरलेला असतो, आणि ट्रायलच्या दिवशी जुळलेली फाउंडेशनची शेड त्या सकाळी जुळत नाही. जाणती आर्टिस्ट तेव्हा शेड बदलते, गळा आणि हात चेहऱ्याशी जुळवून घेते. हे करताना कॅमेरा गळ्यापासून कानापर्यंत सहा सेकंद सरकवला, की ‘पांढरीफटक’ होण्याची भीती बाळगणाऱ्या आईला हवं ते दिसतं. सावळ्या मुलीचा असा एक तुकडा गोऱ्या मुलींच्या दहा रील्सपेक्षा जास्त बोलतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक नवऱ्यांचा रंग तोच असतो आणि त्यांना पडद्यावर आपल्यासारखी कोणी सापडत नाही.

तिसरा तुकडा फ्लॅशचा. चमक दाबायला वापरतात त्या काही बारीक पांढऱ्या पावडरींमध्ये सिलिका असते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण फ्लॅश पडला की उजेड परतवते आणि डोळ्यांखाली, नाकाभोवती पांढरे डाग उमटतात. म्हणून नवरी खोलीबाहेर पडण्याआधी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून पाहायचा. ही तपासणीच चित्रित केली, तर फोटोग्राफर फोटो काढायच्या आधी इथे कोणीतरी काळजी घेतंय, हे घरच्यांना समजतं.

चौथा तुकडा घड्याळाचा. मुंडावळ्या बांधून झाल्या, नथ लागली, चंद्रकोर रेखली, आणि कॅमेरा नवरीवरून भिंतीवरच्या घड्याळाकडे जातो. पूजनाच्या वेळेआधी पाऊण तास. एका वाक्यात सांगायचं: ‘मुहूर्त १२.३५, नवरी पावणेदहाला तयार, गौरीहर साडेदहाला.’ तिसरी शंका इथे संपते.

धूर, घाम आणि नथ

पाचवा तुकडा सगळ्यांत मोलाचा आणि मिळायला सगळ्यांत अवघड. मेकअप टिकला का, हे विवाहहोम आणि सप्तपदी झाल्यावर कळतं. तेव्हा आर्टिस्ट बहुधा दुसऱ्या कामासाठी वाटेत असते. म्हणून ट्रायलच्या दिवशीच करवलीशी बोलून ठेवायचं: विधी संपले की उजेडाकडे तोंड करून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढ, अगदी जवळून, फिल्टर न लावता. तो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर दाबला जाऊन धूसर होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं, तर जसा काढला तसाच पोचतो.

हॉलमधल्या दिव्यांचा एक त्रास इथे आडवा येतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि फोन साधारणपणे सेकंदाला ३० चित्रं घेतात. हा मेळ जमला नाही, की स्वस्त एलईडीच्या उजेडात व्हिडिओवर आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. ज्या फोनमध्ये सेकंदाला २५ चित्रांची सोय आहे, तिथे ती निवडली की पट्ट्या बऱ्याचदा जातात. करवलीला हे सांगत बसण्यापेक्षा ‘हॉलच्या दारापाशी ये’ एवढं सांगणं सोपं.

आता या तुकड्यांतून वीस सेकंदांची रील जोडू. सुरुवात नवरी तयार होण्यापासून करायची नाही, शेवटापासून करायची. पहिले दोन सेकंद विधींनंतरचा चेहरा आणि पडद्यावर अक्षरं: ‘सकाळी ८ ला मेकअप. आता दुपारचे २.’ पुढचे पाच सेकंद तोच चेहरा जवळून. जिथे मेकअप आधी फुटतो त्या जागा, म्हणजे नाकाच्या कडा, वरच्या ओठावरचा घाम आणि धुराने पाणावलेल्या डोळ्यांचे कोपरे. मग सहा सेकंद सकाळचे: बेसचे पातळ थर, प्रत्येक थरानंतर टिपकागद. मग चार सेकंद जे टिकलं नाही त्याचे: नथ ओठाला घासून लिपस्टिकचा डावा कोपरा गेला होता, तो करवलीकडे दिलेल्या छोट्या पाकिटातून पुन्हा भरला. शेवटचे तीन सेकंद आर्टिस्टचं गाव आणि हंगाम: ‘सांगली, मिरज, कोल्हापूर. मार्गशीर्षाच्या तारखा घेते आहे.’

लिपस्टिक गेल्याचं मुद्दाम दाखवायचं. सहा तास सगळंच्या सगळं टिकतं, यावर कोणतीही आई विश्वास ठेवत नाही. काय जातं आणि त्यावर काय तजवीज केली आहे, हे कळलं की उरलेल्यावर विश्वास बसतो.

अनेक जण रील आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून मुख्य गोष्ट अक्षरांत हवी. ती अक्षरं पडद्याच्या तळाशी नको, तिथे इन्स्टाग्रामचं नाव, कॅप्शन आणि बटणं येतात. जमेल तिथे स्वतःच्या आवाजात आणि आपल्या भागाच्या मराठीत बोलावं. बिझनेस खात्याला गाजलेली गाणी बऱ्याचदा वापरता येत नाहीत, तेव्हा आवाज हा तसाही सुटसुटीत मार्ग आहे. शिवाय आवाज ऐकून घराला कळतं, की ही बाई पहाटे आपल्या घरात आल्यावर कशी बोलेल.

परवानगीचे तीन पर्याय

एक रेषा इथे पक्की असावी. बुकिंगच्या कागदावरच नवरीला तीन पर्याय द्यायचे: पूर्ण चेहरा चालेल, फक्त पाठमोरं आणि केस-हात चालतील, काहीच नको. मेकअपविना चेहऱ्यासाठी वेगळी होकाराची ओळ, कारण मुरुमं, डाग किंवा डोळ्यांखालची काळी वर्तुळं जगाला दाखवायला ‘फोटो टाका’ म्हणणारी मुलगीही तयार असेलच असं नाही. रील टाकण्याआधी तिला पाठवायची आणि तिने स्वतः लग्नाचा फोटो टाकल्यावरच आपण टाकायची. पहिलं दर्शन घडवायचा हक्क तिचाच. फोटोग्राफरने काढलेला तुकडा हवा असेल तर त्याला आणि नवरीच्या घराला विचारायचं.

पर्याय दोन निवडणाऱ्या नवऱ्याही वाया जात नाहीत. आंबाडा, खोपा, वेणीतला गजरा, हिरव्या चुड्याचे हात यांवर चौथ्या शंकेची रील उभी राहते: पैशांत काय काय येतं. नऊवारी नेसवायला किती वेळ लागतो, गजरा कोणी आणायचा, करवलीच्या मेकअपचे पैसे वेगळे का. चेहरा न दाखवता हे सगळं सांगता येतं.

पंचांग आणि वेळापत्रक

आता हे तुकडे टाकायचे कधी? बहुतेक आर्टिस्ट लग्नाच्या दुसऱ्या दिवशी टाकतात. त्याने नवरीच्या मैत्रिणी खूश होतात, पण बुकिंगच्या हिशेबाने ती वेळ उशिराची असते. वैशाखात ज्यांची लग्नं आहेत त्यांनी आर्टिस्ट केव्हाच ठरवलेली असते. घरात आधी हॉल ठरतो, मग फोटोग्राफर, मग मेकअप, आणि हे बरेचदा मुहूर्ताच्या काही महिने आधी होतं.

आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो. पंचांगात गौणकालातले मुहूर्त दिलेले असले तरी लग्नांची गर्दी ओसरते, आणि ती पुन्हा तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. आर्टिस्टला काम कमी असतं तेच हे चार महिने, आणि हिवाळ्यातल्या लग्नांची घरं याच महिन्यांत ठरवाठरवी करतात. म्हणून वैशाख-ज्येष्ठात जे टिपलं ते साठवायचं आणि आषाढापासून आश्विनापर्यंत सोडायचं. चातुर्मासाचे साधारण सतरा-अठरा आठवडे, आठवड्याला दोन रील्स, म्हणजे ३६. एका लग्नातून चार चांगले तुकडे निघाले, तर हंगामातली नऊ लग्नं नीट टिपली की चार महिने भागतात. रोज रील टाकायची गरज नाही आणि एकटीला ते झेपतही नाही.

त्या चार महिन्यांचेही भाग पडतात. श्रावणात सणांच्या साड्या, मंगळागौर, नवी नवरी यांची चर्चा घरात असते. तेव्हा रंग आणि लुकच्या रील्स चालतात. पितृपक्षात अनेक घरं आगाऊ रक्कम देत नाहीत, म्हणून त्या पंधरवड्यात ‘तारखा बुक करा’ असं ओरडू नये. हळदीनंतर चेहऱ्याची काळजी कशी घ्यावी, यासारखी माहिती द्यावी. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत तारखा आणि पैशांबद्दल उघड बोलावं, कारण दिवाळीत नातेवाईक जमतात आणि मोबाइल हातोहात फिरतो. अधिक मास कुठे येतो हेही पाहून ठेवावं. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा ऐन उन्हाळी हंगामच कापला जातो. अशा वर्षी तुकडे कमी मिळतात, म्हणून वैशाखातल्या प्रत्येक लग्नात ते काळजीपूर्वक गोळा करायचे.

हिशेब वहीत

प्रत्येक चौकशीला उत्तर देताना तीन गोष्टी विचारायच्या: तारीख, ठिकाण, कोणकोणते कार्यक्रम. आणि चौथी, ‘कोणता व्हिडिओ पाहून मेसेज केलात?’ उत्तर वहीत लिहायचं. दोन महिन्यांनी वही उघडली की चित्र स्पष्ट होतं. समजा, हात फिरवून शालूत जाणाऱ्या रीलला ८० हजार व्ह्यूज आणि तारखेची एकही चौकशी नाही, तर घड्याळाच्या रीलला १,९०० व्ह्यूज आणि चार चौकश्या. अ‍ॅपच्या इनसाइट्समध्ये याचे आधीच इशारे मिळतात: प्रेक्षकांच्या शहरांत आपला जिल्हा दिसतो का, आणि रील किती जणांनी दुसऱ्याला पाठवली. पाठवणं म्हणजे बहुधा ती आईकडे किंवा बहिणीकडे पोचली. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही सांगितलं आहे, की नव्या लोकांपर्यंत पोचण्यात रील किती पाठवली जाते याला वजन असतं.

प्रोफाइलवर तीन पोस्ट वर पिन करता येतात. तिथे टिकण्याची, वेळेची आणि पैशांत काय येतं याची अशा तीन रील्स ठेवल्या, की मेसेज पाहून प्रोफाइलवर आलेल्या मावशीला शोधाशोध करावी लागत नाही. प्रोफाइलवरच्या नावाच्या रकान्यात फक्त आपलं नाव न ठेवता ‘सांगली ब्रायडल मेकअप’ असं जोडलं, तर गावाचं नाव टाकून शोधणाऱ्यांनाही सापडतं.

राहिली पाचवी शंका, पैशांची. बहुतेक जणी दर लपवतात आणि ‘डीएम करा’ म्हणतात. पण एकटीने काम करणारीची खरी मर्यादा चौकश्यांची नाही, दिवसांची आहे. मोठ्या मुहूर्ताच्या एका तारखेला दहा जणी विचारतात आणि तिला एक, फार तर दोन नवऱ्या घेता येतात. अशा वेळी आणखी पन्नास चौकश्या आणणारी रील तिचं काम वाढवते, कमाई नाही. म्हणून हंगामाच्या तोंडावर एक रील सरळ सांगणारी असावी: नवरीच्या मेकअपचे पैसे इतक्यांपासून सुरू, साडी आणि केस त्यात, प्रवास वेगळा, आणि या-या तारखा आता शिल्लक नाहीत. ज्यांना ते परवडत नाही ते मेसेज करणार नाहीत, आणि दहा जणींना दर सांगण्यात जाणारा वेळ वाचेल. ज्यांची तारीख गेली त्यांतल्या काही जणी साखरपुडा किंवा हळदीसाठी विचारतील, आणि ते दिवस तिच्याकडे बहुधा मोकळेच असतात.